बाईंना आभाराचे पत्र

श्रोतेहो, गेल्या महिन्यात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची गायनाची ‘प्रारंभिक’ ही पहिली परीक्षा मी उत्तीर्ण झालो. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. माझ्या रांगेत पुढे नऊ वर्षांची एक मुलगी होती आणि मागे अकरा वर्षांचा एक मुलगा. त्यांच्या आया मला कुणा नातवाला घेऊन आलेला आजोबा समजल्या, आणि मीही त्यांचा गैरसमज लगेच दूर केला नाही. निकाल लागल्यावर ज्यांनी मला शिकविले त्या बाईंना पत्र लिहिले. समोर बसून बोलावयास गेलो असतो तर चार शब्दांत गडबडून गेलो असतो. तेच पत्र आज आपणांस वाचून दाखवितो. बाईंची परवानगी घेतली आहे. मात्र नाव सांगायचे नाही अशी त्यांची अट आहे.

आदरणीय बाईंस साष्टांग नमस्कार.

आपण माझ्याहून तेवीस वर्षांनी लहान. आपण मला ‘काका’ म्हणता, तेव्हा हा मायना वाचून आपणांस संकोच वाटेल. पण गुरूला नमस्कार करताना वय पाहावयाचे नसते, म्हणून लिहिला आहे.

पहिल्या दिवशी आपण विचारले होते, ‘काका, आजवर गाणं कुठं केलंत?’ मी म्हणालो, ‘देवळात, भजनात.’ ते अर्धे खरे होते. आमच्या फोंडे भागात दर एकादशीला देवळात भजन होते. पंचविशीत असताना एका रात्री आमचे भजनीबुवा आजारी पडले आणि अभंग उचलण्याची पाळी माझ्यावर आली. पहिले चरण निभावले. अंतऱ्याला वर गेलो आणि आवाज फाटला. सूर हरवला, पेटी एकीकडे आणि मी दुसरीकडे. सगळे भजन थांबले. कोणी काही बोलले नाही, एका वडीलधाऱ्याने अभंग पुन्हा उचलला. पण त्यानंतर तीस वर्षे मी मागच्या रांगेत बसून टाळ वाजविला. चारचौघांच्या आवाजात माझा आवाज मिसळून जात असे, तेवढ्यावर समाधान मानले. आपल्या अंगी गाणे नाही, असा माझा पक्का ग्रह झाला होता.

हे सारे मी आपणांस चौथ्या की पाचव्या दिवशी सांगितले. दुसऱ्या कोणी धीर दिला असता. आपण फक्त विचारले, ‘बुवांची पट्टी कोणती होती?’ मला ते ठाऊक नव्हते. पेटीवाल्याचे बोट आठवून मी आपल्या पेटीवर स्वर दाखविला. ती पांढरी चार निघाली. मग आपण तासभर माझा आवाज तपासला. एकेक पट्टी घेऊन खाली मंद्र पंचमापर्यंत नेले, वर जेथे मानेच्या शिरा ताणू लागतात तेथे थांबविले. शेवटी ‘काळी एक’ ही माझी पट्टी ठरली. आणि आपण पेटीवर दोन बोटे ठेवून म्हणालात, ‘हे पाहा काका. काळी एकमध्ये तुमचा आवाज तार गांधारापर्यंत सुखानं जातो, पुढं जात नाही. काळी एकचा गांधार म्हणजेच पांढरी चार. तुमचा आवाज जिथं संपतो, तिथं बुवांचा तार षड्ज होता. अंतरा तर त्याच्याही वर गेला असणार.’

बाई, तीस वर्षे जी मी माझी नालायकी समजत होतो ती पेटीवरल्या चार पट्ट्यांची गोष्ट होती! त्या रात्री पेटीवाल्याने बुवांच्या सवयीने बुवांचीच पट्टी धरली आणि ती बदलून मागता येते हे मला माहीत नव्हते. घरी जाऊन मी हे पत्नीला सांगितले तेव्हा ती हसली. मला मात्र हसू आले नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे आपण मला केवळ षड्ज लावायला सांगितला. खरे सांगतो, तिसऱ्या आठवड्यात मी वर्ग सोडण्याच्या विचारात होतो. मला शेकडो अभंगांच्या चाली पाठ, आणि येथे एकच स्वर! पण चाल पाठ असणे आणि स्वर लावता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेथेच कळले. समूहात गाणारा माणूस स्वर लावीत नाही, तो शेजाऱ्याच्या स्वराला टेकतो. टेकू काढला की स्वर घसरतो. माझा षड्ज सुरुवातीला बरोबर लागे आणि श्वास संपत आला की खाली उतरे. आपण ‘उतरला’ असे कधी म्हणाला नाहीत. नुसत्या तानपुरा छेडीत राहिलात. एके दिवशी तानपुऱ्याच्या नादात आणि माझ्या आवाजात एक थरथर मला ऐकू आली, पाण्यावर दोन लाटा एकमेकींवर आपटाव्यात तशी. मी आवाज किंचित चढविला, थरथर मंदावली, मग नाहीशी झाली. मी डोळे उघडले तर आपण माझ्याकडे पाहत होता. ‘आता मला सांगायची गरज नाही,’ एवढेच आपण म्हणालात.

गांधाराचे प्रकरण याहून अवघड. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, एवढे मला पुस्तकावरून कळत होते. पण गांधारावरून पंचमावर जाताना माझा आवाज वाटेत मध्यमाला शिवून जाई, आणि वरच्या षड्जावरून धैवतावर उतरताना निषादाला. भजनाच्या चालींत ते स्वर पावलोपावली येतात. गळ्याला तीच वाट ठाऊक. शिवाय माझा गांधारही आपणांस चढा वाटे. मी हट्टाने पेटीवर बोट ठेवून म्हणालो, ‘बाई, पेटीशी तर बरोबर जुळतो आहे.’ आपण पेटीचा भाता बंद केला आणि मला तानपुऱ्याला कान लावायला सांगितले. तानपुऱ्यात गांधाराची तार नसते. पंचम, दोन जोड आणि खर्ज, एवढेच. तरी खर्जाची तार छेडल्यावर, नाद विरत असताना, त्यातून एक बारीक गांधार उमटला. जाणकार त्याला स्वयंभू गांधार म्हणतात हे आपण नंतर सांगितले. पेटीचे सारे स्वर समान अंतरावर बसविलेले असतात, त्यामुळे तिचा गांधार या गांधाराहून थोडा चढा. दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे सात भाग केले तर साधारण एक भाग. एवढासा फरक, पण तानपुऱ्यासमोर तो खुपतो. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्या वादात ही तक्रारही होती. माझ्या घरी आजही पेटी आहे आणि मला ती प्रिय आहे. पण गांधार मी आता तिला विचारीत नाही.

तालाने तर माझा गर्वच उतरविला. मी तीस वर्षांचा टाळकरी, मला ताल काय शिकवायचा? तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेला खाली. हे मी एका दिवसात म्हणून दाखविले. मग आपण दुगुन सांगितली: हाताची लय तीच ठेवून ठेक्याचे बोल दुप्पट वेगाने, म्हणजे आठ मात्रांत सोळा बोल. मी बोल दुप्पट केले की हातही दुप्पट धावे. टाळ वाजविणाऱ्याचा हात आणि तोंड यांची गाठ बसलेली असते. आपण पंधरा दिवस निरनिराळे उपाय करून पाहिलेत. आपण टाळी दिलीत आणि मी बोल म्हटले. मी टाळी दिली आणि आपण बोल म्हटलेत. प्रत्येक वेळी एकट्याने करायला गेलो की गाठ पुन्हा बसे. शेवटी आपण म्हणालात, ‘काका, सकाळी देवळाभोवती फिरता ना? पावलाला मात्रा समजा. पाऊल बदलायचं नाही.’ एका पावलाला एक बोल, चार आवर्तने. मग त्याच चालीने एका पावलाला दोन बोल. चालणाऱ्या माणसाचे पाय बोलांच्या नादाने पळू लागत नाहीत, हे आपणांस कसे सुचले कोण जाणे. नवव्या दिवशी गाठ सुटली. पुजाऱ्याला मात्र मी काही मंत्र पुटपुटतो आहे असे वाटत होते.

आता परीक्षेचे सांगतो, कारण आपण दाराबाहेर उभ्या होता आणि आत काय झाले ते मी आपणांस नीट सांगितलेच नाही. परीक्षकांनी भूपाची बंदिश म्हणावयास सांगितली. मुखडा खालीपासून उचलला आणि समेवर बरोबर आलो. मग आरोह-अवरोह. अवरोहात तार षड्जावरून उतरताना निषाद निसटला, तो जुना मित्र! पूर्वी मला तो ऐकूच आला नसता. यावेळी ऐकू आला. मी थांबलो, ‘क्षमा करावी’ म्हणालो, पुन्हा तार षड्जावर उभा राहिलो, तानपुऱ्याच्या दोन फेऱ्या जाऊ दिल्या आणि सरळ धैवतावर आलो. परीक्षकांनी कागदावर काही लिहिले. चुकीचे गुण गेले असणार. नंतर त्यांनी तीनतालाची दुगुन विचारली. मी टेबलाखाली पाय हलकेच टेकवीत होतो, ते त्यांना दिसले असावे. पण ते काही बोलले नाहीत.

गुण बेताचेच आहेत, पत्रिका सोबत पाठवीत आहे. त्या नऊ वर्षांच्या मुलीला माझ्याहून पुष्कळ अधिक मिळाले, तेही कळविणे भाग आहे. परंतु बाई, माझे आभार गुणांसाठी नाहीत. तो निषाद माझा मला ऐकू आला, त्यासाठी आहेत. आपण दर वेळी ‘चुकलं’ म्हणून थांबविले असते तर मी आपल्या शब्दाची वाट पाहत राहिलो असतो, आणि परीक्षेच्या खोलीत तो शब्द सांगायला आपण नव्हता. आपल्या वर्गात माझ्यानंतर शाळकरी मुले दाराशी ताटकळत असत. तरी माझा स्वर लागेपर्यंत तानपुरा थांबला नाही, हे मी विसरणार नाही.

एक बातमी राहिली. परवाच्या एकादशीला भजनाला गेलो होतो. पहिला अभंग झाल्यावर बुवांनी इकडे तिकडे पाहिले, तेव्हा मी टाळ खाली ठेवला आणि पुढे सरकलो. पेटीवाला हल्ली जुन्या पेटीवाल्याचाच मुलगा आहे. त्याने सवयीने पांढरी चार धरली. मी म्हणालो, ‘काळी एक द्या.’ त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि बोटे खाली आणली.

आपला,
काळी एकचा विद्यार्थी