पुढे डिस्क, मागे ड्रम: कसारा घाट उतरताना ब्रेकचं काय होतं?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "माझ्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आहेत आणि मागे ड्रम. कंपनीने पैसे वाचवले का?" उत्तर आहे, हो, वाचवले. पण एवढंच उत्तर दिलं तर अर्धी गोष्ट राहून जाते. म्हणून आज आपण इथून, देवळाली कॅम्पातून, मुंबईला निघू. घोटी गेलं, इगतपुरी गेली, आणि समोर कसारा घाट. ब्रेकची खरी परीक्षा तिथे असते.

आधी दोन्ही ब्रेक डोळ्यांसमोर आणा. डिस्क ब्रेक म्हणजे सायकलच्या ब्रेकचाच मोठा भाऊ. सायकलचे रबरी गुटके रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतात ना, तसंच. चाकाबरोबर लोखंडाची एक थाळी फिरते, ती डिस्क. तिच्यावर कॅलिपर नावाचा चिमटा बसवलेला असतो. तुम्ही पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड थाळीला दोन्हीकडून आवळतात. सगळा कारभार उघड्यावर, वाऱ्यात.

ड्रममध्ये सगळं उलटं. चाकाबरोबर एक लोखंडी डबा फिरतो आणि त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू असतात. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर त्यांना बाहेरच्या बाजूला ढकलतो आणि ते डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. इथे एक गंमत आहे, आणि मला ती फार आवडते. दोनपैकी एक शू असा बसवलेला असतो की फिरणारा ड्रम त्यालाच ओढून आणखी घट्ट आवळून घेतो. म्हणजे तुम्ही थोडा जोर लावता, बाकीचा जोर चाक स्वतःच लावतं. म्हणून जुन्या काळी, पेडलला बूस्टरची मदत नसतानाही ड्रमवर गाडी थांबायची. गाडी रिव्हर्समध्ये गेली की हेच काम दुसरा शू करतो.

मग पुढे डिस्क का? आता घाटात या.

इगतपुरी ते कसारा उतार साधारण ३०० मीटरचा आहे. आपली छोटी हॅचबॅक चालकासकट १,००० किलोची धरू. एवढं वजन ३०० मीटर खाली आणायचं म्हणजे जवळपास ३० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. सपाट रस्त्यावर ताशी ८० च्या वेगावरून गाडी पूर्ण थांबवली तर साधारण अडीच लाख ज्यूल जातात. म्हणजे घाट उतरणं हे ८० वरून बारा वेळा थांबण्यासारखं आहे. दुसऱ्या भाषेत सांगायचं तर ३० लाख ज्यूलमध्ये ९ लिटर पाणी उकळीला येईल. यातला काही भाग वारा आणि टायर खातात. उरलेला कोणी खायचा, इंजिनाने की ब्रेकने, हे तुम्ही कुठल्या गिअरमध्ये आहात यावर ठरतं. गाडी न्यूट्रलला टाकून 'पेट्रोल वाचवणारे' लोक सगळा हिशोब ब्रेकच्या नावावर लिहितात.

आणि ब्रेकमध्येही हा भार सारखा वाटला जात नाही. ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तशीच गाडीही नाक खाली घालते. आपल्या गाडीचं उभ्या स्थितीत पुढच्या चाकांवर ६०० किलो आणि मागच्यांवर ४०० किलो वजन आहे असं समजा. जोरात ब्रेक मारला की अंदाजे दीडशे किलो मागून पुढे सरकतं. आता पुढे ७५० आणि मागे २५०. टायरची पकड वजनावर अवलंबून असते, म्हणजे तीन चतुर्थांश काम पुढच्या ब्रेकनी करायचं. मागच्या चाकांना यापेक्षा जास्त ब्रेक लावला तर ती जॅम होतात आणि गाडीची शेपटी फिरते. त्यामुळे मागे कितीही भारी ब्रेक बसवा, तो पूर्ण वापरता येतच नाही.

उष्णता जास्त जिथे, तिथे हवा लागणारा ब्रेक हवा. डिस्क उघडी असते, आणि पुढच्या डिस्क तर बहुतेक वेळा दोन थरांच्या, मध्ये हवेला वाट ठेवलेल्या असतात. ड्रममध्ये उष्णता आतच कोंडते. तापून ड्रम फुगतो, त्याची भिंत शूपासून लांब जाते आणि पेडल जास्त खोल जायला लागतं. शिवाय ती ओढून घेण्याची गंमत इथे उलटते: लायनर तापून घर्षण थोडं कमी झालं, तरी स्वतःहून आवळणंही कमी होतं आणि ब्रेक दुपटीने ढिला वाटतो.

मागे मात्र ड्रम चालतो. तिथे उष्णता कमी, किंमत कमी, चिखल-धूळ आत जात नाही, आणि हँडब्रेकची केबल सरळ शूला जोडता येते. डिस्कमध्ये हँडब्रेक बसवायला कॅलिपरमध्ये वेगळी यंत्रणा घालावी लागते, खर्च तिथे वाढतो. आपल्या नाशिकच्या महिंद्रा कारखान्यातच दोन्ही प्रकार झालेत: बोलेरोला पुढे डिस्क, मागे ड्रम, एक्सयूव्ही ३०० ला चारही डिस्क. गाडी वजनदार, वेगवान, महाग झाली की मागेही डिस्क परवडते आणि उपयोगी पडते. आणि मागे ड्रम म्हणजे जुनाट, असंही नाही. फोक्सवॅगनच्या आयडी ४ या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रमच आहेत. तिथे बराचसा वेग मोटरच कमी करते, ब्रेक क्वचित लागतो, आणि उघडी डिस्क नुसती गंजत बसते.

आता घाटात काही बिघडलं तर कसं ओळखायचं? पेडल घट्ट लागतंय, पाय पूर्ण जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड किंवा लायनर तापलेत. पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातंय, तर प्रकरण जास्त गंभीर: ब्रेक ऑइल उकळलंय. द्रवाचा दाब चाकापर्यंत पोचतो, वाफ मात्र नुसती दबते. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की हीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलतात, गळती नसली तरी.

उतार लागण्याआधीच दुसरा गिअर टाका. ब्रेकवर पाय ठेवून गाडी सरकवत राहू नका, वेग वाढला की नीट दाबा आणि पूर्ण सोडा. इंजिन कधीही बंद करू नका, पेडलची बूस्टरची मदत जाते. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबा, पण तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते किंवा तडकते.

थांबलात की अजून एक. मागे डिस्क असलेल्या गाडीत गरम असताना हँडब्रेक ओढलात, तर थंड होताना डिस्क आकसते आणि पकड सैल होते. गाडी आपोआप घरंगळू शकते. ड्रम आकसला तर उलट शूवर आणखी आवळतो. दोन्ही प्रकारात उतारावर पुढे तोंड करून उभी असलेली गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, आणि चाकापुढे एक दगड लावा.