काचेत पाणी दिसत नाही, आता काय कराल?

(देवळाली प्रवरा येथे कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास येतो. बॉयलर अग्निप्रदीपनाचा. हार, नारळ, संचालक मंडळ. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आपण साखर कारखान्यांच्या सावलीतच वाढलो. पण फोटो काढून झाल्यावर पुढचे चार-पाच महिने त्या आगीसमोर रात्रंदिवस कोण उभं असतं? फायरमन आणि बॉयलर अटेंडंट. तुमच्यापैकी बरेच जण फायरमन किंवा हेल्पर आहेत, कंत्राटदाराकडे. प्रमाणपत्र असलेल्या अटेंडंटशिवाय बॉयलर चालवता येत नाही, असा कायदा आहे. 1923 चा जुना कायदा जाऊन 2025 चा नवा आला, तरी ही अट कायम आहे. म्हणून हेल्पर आणि अटेंडंट यांच्यात पगाराचा जो फरक पडतो, तो या एका कागदामुळे.

हा कागद राज्याचं बाष्पके संचालनालय देतं. आधी द्वितीय श्रेणी, मग प्रथम श्रेणी. अर्जासोबत बॉयलरवर काम केल्याचा मालकाचा दाखला लागतो. कंत्राटी पोरं इथेच अडकतात, कारण चार हंगाम राबूनही हातात एक ओळ लेखी नसते. दाखल्यात बॉयलरचा नंबर, तुमचं काम आणि तारखा हव्यात. तो हंगाम संपताना मागून घ्या. कंत्राटदार बदलला की तो मिळवताना चपला झिजतात.

आता तोंडी परीक्षेकडे येतो. मी पहिल्या वेळी नापास झालो, तेही एकाच प्रश्नावर. परीक्षकांनी विचारलं, "गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही. काय कराल?"

मी म्हणालो, "साहेब, लगेच फीड पंप चालू करीन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बॉयलर फोडणार तुम्ही."

त्यांचं बरोबर होतं. 10 किलो दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी साधारण 184 अंशांवर उकळतं. ट्यूबच्या आत पाणी आहे तोवर तेच धातूला सांभाळतं, आग कितीही असो. पाणी गेलं की धातू लाल होतो, मऊ पडतो, फुगतो. अशा धातूवर पाणी सोडलं तर ते क्षणात वाफ होतं, दाब उसळतो आणि तापलेला धातू एकदम आकसतो. त्यामुळे बरोबर उत्तर असं: आधी इंधन बंद. आपल्याकडे म्हणजे बगॅसचे फीडर बंद, मग एफडी फॅन बंद, आयडी फॅन शेवटी. पाणी सोडायचं नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह उचलायचा नाही, ब्लोडाऊन उघडायचा नाही. इंजिनिअरला कळवायचं, बॉयलर आपोआप हळूहळू थंड होऊ द्यायचा आणि तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवायचा नाही.

पण परीक्षक इथे थांबत नाहीत. पुढचा प्रश्न येतो: "काच रिकामी आहे की पूर्ण भरलेली, हे कसं ओळखलं?" कारण काठोकाठ भरलेली काच आणि रिकामी काच लांबून सारखीच दिसते.

याचं उत्तर काच तपासण्याच्या रोजच्या पद्धतीत आहे. काचेला तीन कॉक असतात: वर वाफेचा, खाली पाण्याचा, आणि सगळ्यात खाली ड्रेनचा. काचेसमोर नाही, बाजूला उभं राहायचं. वाफेचा आणि पाण्याचा कॉक बंद करून ड्रेन उघडायचा. काच रिकामी होऊन गळती थांबली, तर दोन्ही कॉक नीट बसतात. मग फक्त पाण्याचा कॉक उघडायचा. जोरात पाणी आलं तर खालचा रस्ता मोकळा. तो बंद करून वाफेचा उघडायचा. जोरात वाफ आली तर वरचा रस्ता मोकळा. वाफेचा बंद, ड्रेन बंद. आता आधी पाण्याचा कॉक सावकाश उघडायचा. काच वरपर्यंत भरते. मग वाफेचा उघडायचा, आणि पाणी उतरून खऱ्या पातळीवर येतं.

शेवटच्या दोन पायऱ्यांतच परीक्षकांचं उत्तर आहे. वाफेचा कॉक उघडूनही काच भरलेलीच राहिली, तर पाणी काचेच्या वर गेलंय. पाणी उतरून दिसेनासं झालं, तर ते काचेच्या खाली आहे, पण खालच्या जोडाच्या वर. आणि खालच्या कॉकमधून पाण्याऐवजी नुसती वाफच आली, तर पाणी जोडाच्याही खाली गेलंय. पण लक्षात ठेवा, काच संशयास्पद दिसली की आधी आग तोडायची आणि नंतर निदान करायचं. निदान करत बसून आग चालू ठेवायची नाही.

आता काच खोटं कधी बोलते, ते सांगतो. मी हेल्पर असताना एका कारखान्यात रात्रपाळीला काच तासभर बरोबर अर्ध्यावर होती. मला बरं वाटलं. आमचे जुने अटेंडंट, त्यांना सगळे मामा म्हणायचे, ते म्हणाले, "पाणी हलत नाही ना? मग काच खोटं बोलतेय." चालत्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी किंचित तरी डोलते. त्यांनी मला ड्रमवर चढवून दुसरी काच बघायला लावली. ती तीन बोटं कमी दाखवत होती. पहिल्या काचेचा पाण्याचा कॉक उघडला तर नुसते थेंब. रस्ता गाळाने चोंदला होता. बॉयलरला दोन काचा असतात त्या यासाठीच, एकीने दुसरीची साक्ष द्यावी म्हणून.

यातली गोम अशी की कॉक चोंदला की काच बहुतेक वेळा जास्त पाणी दाखवते. पाण्याचा चोंदला, तर वाफ थंड होऊन तिचं पाणी काचेत साचत राहतं. वाफेचा चोंदला, तर वर अडकलेली वाफ थंड होते, दाब उतरतो आणि पाणी वर ओढलं जातं. म्हणजे खरं पाणी कमी होत असताना काच तुम्हाला निवांत ठेवते. खाली फायरिंग फ्लोअरवर दूरदर्शक काटा असला, तरी पाळीला एकदा वर चढून काच तपासायलाच हवी.

दुसऱ्यांदा परीक्षेला जाताना मी एवढंच केलं. प्रत्येक पाळीला काच तपासताना हात जे करतोय ते तोंडाने बोलायचं, आणि प्रत्येक पायरीला "कारण" जोडायचं. हेल्पर हसायचे. पण परीक्षेत परीक्षक पुस्तकातली व्याख्या विचारत नव्हते, "का?" विचारत होते. दुसरं, स्वतःच्या बॉयलरचं एक पान लिहून ठेवलं: प्रकार, कामाचा दाब, इंधन, सेफ्टी व्हॉल्व्ह किती आणि कोणत्या दाबाला उडतात, पंप किती. सुरुवात बहुधा तिथूनच होते, आणि स्वतःच्या बॉयलरचा दाब सांगता आला नाही तर पुढचं काही पटत नाही.

डेअरीत किंवा औषध कारखान्यात ऑटोक्लेव्ह चालवणाऱ्यांसाठी एक खुलासा. ज्या भांड्याखाली आग नाही, फक्त बाहेरून आलेला दाब आहे, ते बॉयलर नव्हे. ते कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 31 खाली येतं. त्या भांड्याची ठरावीक काळाने सक्षम व्यक्तीकडून तपासणी होते, आणि त्यावर काम केल्याचा दाखला बॉयलरच्या अनुभवात धरला जाईल असं गृहीत धरू नका.

शेवटचं. रमजानात इफ्तारची वेळ झाली की पाय आपोआप डब्याकडे वळतात. मीही त्यातून गेलोय. बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत बॉयलर सोडायचा नाही. खजूर खिशात ठेवा, रोजा काचेसमोरच सोडा. "ड्युटीवर असताना जागा सोडली तर?" हा प्रश्नही तोंडी परीक्षेत येतो. त्याचं उत्तर पाठ करून नाही, सवयीनेच येतं.