शेकड्यामागे किती? ‒ व्याजवाढीचा हिशेब
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



बीदर, भालकी, आळंदच्या आपल्या अनेक घरांत आज घरकर्जाचा हप्ता चालू आहे. कोणी गावात घर बांधले, कोणाच्या मुलाने पुण्याला किंवा हैदराबादला फ्लॅट घेतला. व्याज वाढले की बँक म्हणते, "फक्त अडीच टक्के वाढले." विरोधी पुढारी म्हणतो, "व्याज चाळीस टक्क्यांनी वाढवले!" यांत खरे कोण, ते पाहू.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. रेपो दराला जोडलेली घरकर्जे त्याबरोबर महागली. समजा, एका कर्जाचा दर साडेसहाचा नऊ टक्के झाला. शाळेत आपण 'दरसाल दरशेकडा' शिकलो. त्या भाषेत, शंभर रुपयांवर वर्षाला साडेसहा रुपये व्याज होते, ते नऊ झाले. म्हणजे शेकड्यामागे अडीच रुपये वाढले. दोन दरांची ही सरळ वजाबाकी म्हणजे 'अडीच टक्केवारी बिंदू'. बँक हेच सांगते, फक्त 'बिंदू' हा शब्द गाळते.

पण आधीच्या व्याजाच्या मानाने वाढ किती? साडेसहावर अडीच, म्हणजे सुमारे साडेअडतीस टक्के. पुढारी हाच आकडा थोडा फुगवून चाळीस म्हणतो. दोघांच्या आकड्यांमागे घटना एकच आहे. एकाने वजाबाकी केली, दुसऱ्याने भागाकार.

आता खिशाचे पाहू. दहा लाख बाकी आहे आणि मुदत वीस वर्षांची आहे. साडेसहा टक्क्यांनी हप्ता सुमारे 7,456 रुपये बसतो, नऊ टक्क्यांनी 8,997. हप्ता साधारण एकवीस टक्क्यांनी वाढला. व्याज साडेअडतीस टक्क्यांनी वाढूनही हप्ता तेवढा वाढत नाही, कारण हप्त्यात मुद्दलाचाही भाग असतो.

पुष्कळदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते. इथे सावध राहावे. दहा लाखांवर नऊ टक्क्यांनी पहिल्याच महिन्याचे व्याज 7,500 रुपये होते आणि जुना हप्ता आहे 7,456. म्हणजे व्याजसुद्धा फिटत नाही, उलट मुद्दल वाढते. मग मुदत कितीही वाढवली तरी कर्ज संपणार नाही. "फक्त अडीच टक्के" या शब्दांत हे कळत नाही. पासबुकात किंवा खातेउताऱ्यात बाकी मुद्दल महिन्यागणिक कमी होते का, हे पाहिले की कळते.

म्हणून बँकेत असो वा प्रचारसभेत, टक्के ऐकले की दोनच प्रश्न विचारा: दर कितीवरून किती झाला? आणि माझा हप्ता किती रुपयांनी वाढला? या दोन उत्तरांनंतर कोणालाही शब्दांत लपता येणार नाही.