एका स्लाइडवर एकच विचार

(उद्योजकता अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गुंतवणूकदारासमोर उभा राहणारा नवउद्योजक बहुधा आपल्याला जे जे ठाऊक आहे ते सारे सांगू पाहतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र एका वेळी एकच प्रश्न असतो. त्या प्रश्नाचे उत्तर देऊन पुढचा प्रश्न जागा करणे, हेच प्रत्येक स्लाइडचे काम. ही गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून एक प्रसिद्ध उदाहरण पाहू.

ऑक्टोबर 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक परिषद भरली होती आणि शहरातील हॉटेले भरून गेली होती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन तरुणांना घरभाडे देणे जड जात होते. त्यांनी आपल्या घरात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुण्यांची सोय केली. पुढे नेथन ब्लेचार्झिक त्यांना येऊन मिळाले आणि एअरबीएनबी उभी राहिली. त्यांची सुरुवातीची सादरीकरण-पुस्तिका आज सर्वत्र अभ्यासली जाते. तिच्या एकाहून अधिक प्रती प्रचलित आहेत, पण मांडणीचा क्रम बहुतांशी तोच आहे.

पहिल्या स्लाइडवर नाव आणि एक वाक्य: हॉटेलाऐवजी स्थानिकांच्या घरी खोली आरक्षित करा. दुसरीवर अडचण: हॉटेल महाग, तेथे राहून शहराशी नाते जुळत नाही आणि स्थानिकाच्या घरी खोली मिळवण्याचा सोपा मार्ग नाही. तिसरीवर उपाय. येथे ऐकणारा मनात म्हणतो, ‘पण परक्याच्या घरी कोण राहील?’ चौथी स्लाइड नेमके तेच उत्तर देते. काउचसर्फिंग या संकेतस्थळावर असे राहणारे सहा लाखांहून अधिक सदस्य तेव्हाच होते. मग प्रश्न उरतो, असे प्रवासी एकूण किती? पाचवी स्लाइड बाजारपेठेची. हीच स्लाइड दुसऱ्या क्रमांकावर आली असती, तर तेच आकडे निर्जीव वाटले असते.

आता आकड्यांची स्लाइड पाहा. एका प्रतीत तीन वर्तुळे आणि तीनच संख्या आहेत. जगातील प्रवास 190 कोटी, त्यांपैकी स्वस्त आणि ऑनलाइन आरक्षणाचे 53 कोटी 20 लाख आणि कंपनीच्या वाट्याला येतील असे 1 कोटी 6 लाख. पुढे एका स्लाइडवर कमाईचा हिशेब येतो. एका रात्रीचे 70 डॉलर, तीन रात्रींचे 210, त्यावर 10 टक्के दलाली म्हणजे सुमारे 20 डॉलर. त्याला 1 कोटी 6 लाखांनी गुणले की सुमारे 20 कोटी डॉलर. ऐकणारा हा गुणाकार मनातल्या मनात करू शकतो, म्हणून तो पटतो. हेच पंचवीस रकान्यांच्या तक्त्यात दडले असते, तर वक्ता बोलत राहिला असता आणि श्रोता आकडे शोधत बसला असता. तसा तक्ता परिशिष्टात ठेवावा आणि विचारल्यावर दाखवावा.

या हिशेबातील कच्चा दुवाही लगेच दिसतो. 53 कोटींतील 1 कोटी म्हणजे दोन टक्के; ते दोनच का, याचे उत्तर वर्तुळांत नाही. वरून खाली उतरणाऱ्या प्रत्येक अंदाजाला ही मर्यादा असते. म्हणून मागणीची स्लाइड जमिनीवरची हवी. त्या पुस्तिकेत ती तशी आहे: 12 महिन्यांसाठी 5 लाख डॉलर, ध्येय 80,000 आरक्षणे. पैसा कशासाठी आणि तो संपताना हाती काय असेल, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

आपली पुस्तिका तपासण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, फक्त मथळे ओळीने वाचावेत. ‘बाजारपेठ’, ‘विक्री’ असे मथळे असतील, तर गोष्ट तयार होत नाही. ‘जुने ग्राहक दर महिन्याला परत येतात’ असे पूर्ण विधान असेल, तर होते. मथळ्यात ‘आणि’ आला, तर बहुधा तेथे दोन स्लाइड आहेत. दुसरी, स्लाइड कागदावर छापून जमिनीवर ठेवावी आणि उभ्याने वाचावी. गाय कावासाकी यांनी 2005 मध्ये सांगितलेला नियम दहा स्लाइड, वीस मिनिटे आणि किमान तीस पॉइंट अक्षर असा आहे. त्याचा हेतूही हाच. आलेखात तर एकच रेषा ठळक असावी, तिचे नाव तिच्याशेजारीच लिहावे आणि स्तंभ शून्यापासून सुरू व्हावेत. शून्य वगळून फुगवलेला स्तंभ जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही. मग खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

सुरेख मांडणीने होकार मिळतोच असे नाही. 2008 च्या उन्हाळ्यात या तरुणांनी 15 लाख डॉलर मूल्यांकनावर दीड लाख डॉलर मागितले, तेव्हा सातपैकी पाच गुंतवणूकदारांनी नकार कळवला आणि दोघांनी उत्तरच दिले नाही. बाजारपेठ पुरेशी मोठी वाटत नाही, असे एकाने लिहिले. असा नकारही उपयोगाचा असतो, कारण कोणत्या स्लाइडवर शंका अडली ते त्यातून कळते. सारे एकाच स्लाइडवर कोंबले असते, तर नकार आला असता, पण त्याचे कारण कधीच समजले नसते.