बाप स्वप्नात पाणी मागतो
(अभ्यास मंडळात केलेलं भाषण)



एकच स्वप्न वेगवेगळ्या धर्माची माणसं वेगवेगळं का वाचतात, असा विषय मंडळानं मला दिलाय. पुस्तकं उघडण्याआधी मी घरातलंच एक स्वप्न तुमच्यापुढं ठेवतो.

मागच्या पावसाळ्यात आईला स्वप्न पडलं. बाप जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आई म्हणाली, "तुजा बाप दारात हुभा व्हता. तोंड सुकल्यालं. पानी दे म्हनला. म्या तांब्या भरस्तवर गेला बी." बस, एवढंच. सकाळी नळावर ती हे बोलली आणि दुपारपर्यंत चाळीत त्याचे चार अर्थ तयार.

शेजारच्या काकू म्हणाल्या, पितर तहानलेत, भादव्यात त्यांच्या तिथीला पान वाढा, कावळ्याला घास ठेवा. बेकरीवाले चाचा म्हणाले, "बहन, मरहूम दुआ माँगते हैं. उनके नाम से प्यासों को पानी पिला दो." खालच्या मजल्यावरची ख्रिस्ती बाई म्हणाली, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगा. आणि आपला एक कार्यकर्ता आला तो तावातावानं म्हणाला, "ताई, बावीस प्रतिज्ञा विसरलात? श्राद्ध नाही, पिंडदान नाही. स्वप्नबिप्न सब झूट." आई गप्प झाली.

आता बघा. पहिल्या तिघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: बाप खरंच दारात आला होता. भांडण आहे ते पुढचं. त्याला पाहिजे काय, आणि ते त्याच्यापर्यंत पोचवणार कोण? कावळा, तहानलेला माणूस की पाद्री? चौथ्यानं स्वप्न वाचलंच नाही. त्यानं दार लावून घेतलं. प्रतिज्ञा त्याची बरोबर होती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ती आपल्या तोंडून वदवून घेतली ती उगाच नाही. पण आईनं श्राद्ध कुठं मागितलं होतं? तिनं स्वप्न सांगितलं होतं.

हे भांडण जुनं आहे. जातककथांत 77 नंबरचं 'महासुपिन जातक' आहे. पाली मला येत नाही, भाषांतरावर भागवलंय. कोसलचा राजा पसेनदी, आपण प्रसेनजित म्हणतो तो. त्याला एका रात्रीत सोळा स्वप्नं पडली. घाबरून त्यानं ब्राह्मण बोलावले. त्यांनी हात झटकले. म्हणाले, वाईट आहे महाराज. राज्य जाईल, जीव जाईल, नाहीतर संपत्ती जाईल. मग उपाय? चव्हाट्याचव्हाट्यावर यज्ञ, प्रत्येक जातीचे चार चार प्राणी बळी. तयारी सुरू झाली. ब्राह्मणांची ये-जा बघून राणी मल्लिकेनं चौकशी केली. ही मल्लिका माळ्याची पोर, राजवाड्यात जन्मलेली नव्हे. ती म्हणाली, जेतवनात भगवान आहेत, त्यांना विचारलं का?

एक स्वप्न नीट सांगतो, आठवं. राजवाड्याच्या दारात मोठा रांजण, काठोकाठ भरलेला. भोवती कितीतरी रिकामे रांजण. चारी वर्णांचे लोक आठी दिशांनी घागरी घेऊन येतात आणि त्या भरलेल्या रांजणातच ओततात. पाणी उतू जातं, तरी ओततात. रिकाम्याकडे कोण ढुंकूनही बघत नाही.

ब्राह्मणांच्या हिशेबात याचा अर्थ एकच: राजावर संकट, टाळायचं तर यज्ञ. बुद्ध म्हणाले, तुला यातून काही भय नाही. हे पुढच्या काळाचं आहे. राजे कंजूष होतील, सगळ्या मुलखाला आपल्याच कामाला जुंपतील. लोक पेरतील, राखतील, कापतील, मळतील, गाड्या भरून राजाची कोठारं भरतील आणि स्वतःच्या घरातल्या रिकाम्या कणगीकडे बघायची त्यांना सवड होणार नाही.

रांजण तोच, पाणी तेच. एका वाचनात स्वप्न राजाच्या जिवाबद्दल आहे, म्हणून उपाय पुरोहिताच्या हातात. दुसऱ्या वाचनात ते राज्य कसं चालतं त्याबद्दल आहे, तिथं बोकड कापून काय होणार? याच जातकात मागच्या जन्माची गोष्ट आहे. तिथं एक तरुण शिष्य गुरूला विचारतो, एकाला मारून दुसऱ्याचं भलं होतं असं वेदात कुठं आहे? गुरू त्याला सांगतो, बाबा रे, यातून आपल्याला भरपूर धन मिळणार, तू काय राजाची तिजोरी राखायला बसलास का? ब्रह्मजाल सुत्तात स्वप्न वाचून पोट भरणं भिक्खूंना वर्ज्य सांगितलंय. उंदरानं कुरतडलेल्या कापडावरून भविष्य सांगणंही त्याच यादीत आहे.

इथं तुम्ही टाळ्या वाजवाल म्हणून थांबवतो. सहावं स्वप्न ऐका. लाख मोलाचं सोन्याचं ताट म्हाताऱ्या कोल्ह्यापुढं धरलंय, त्यात मूत म्हणतात, आणि तो मुततो. अर्थ काय दिलाय? हलक्या कुळातले लोक मोठ्या पदावर चढतील आणि खानदानी लोकांना पोरी त्यांना द्याव्या लागतील. सोळाव्यात बकऱ्या वाघरांना खातात, अर्थ पुन्हा तोच. हेही बुद्धाच्याच तोंडी घातलंय. जातकांचं गद्य त्यांच्यानंतर कितीतरी शतकांनी पक्कं झालं, आणि लिहिणाऱ्याच्या पोटातली जात त्यात उतरली. म्हणजे धर्म बदलला तरी वाचणारा कुठं बसलाय ते बघावंच लागतं. तो कोल्हा म्हणजे आपण आहोत, मित्रांनो.

मुसलमानांतली एक गोष्ट सांगतात. बसऱ्याचा इब्न सिरीन, 728 साली वारला, स्वप्नांचा मोठा जाणकार. दोन माणसं आली. दोघांचं स्वप्न एकच: मी अजान देतोय. एकाला तो म्हणाला, तू हजला जाशील. दुसऱ्याला म्हणाला, चोरीपायी तुझा हात तोडला जाईल. लोकांनी कारण विचारलं. पहिल्याचा चेहरा भल्या माणसाचा दिसला, तेव्हा कुराणातली हजची पुकार आठवली. दुसऱ्याला बघून युसुफच्या कथेतली पुकार आठवली, काफिल्यावाल्यांनो तुम्ही चोर आहात, ती. इथं एकाच धर्मात, एकाच ग्रंथातून, एकाच तोंडून दोन अर्थ निघाले. मधे फक्त बघणाऱ्याचा अंदाज. भल्याचा चेहरा कसा ओळखला, विचारू नका. पोलीस आपला चेहरा कसा ओळखतात ते आपल्याला माहीत आहे.

आणि चरक? वैद्यकाचा ग्रंथ, तिथं तरी शहाणपण असेल. आहे. स्वप्नांचे सात प्रकार त्यानं सांगितलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि वात-पित्त-कफ बिघडल्यानं पडणारं. यातली पहिली पाच फळत नाहीत म्हणून सोडून द्यायची. पण त्याच अध्यायात, स्वप्नात चांडाळांबरोबर बसून तूप-तेल पिणाऱ्याला प्रमेह होऊन मरण येतं, असंही आहे. त्यांच्या स्वप्नात आपला आजा नुसता शेजारी बसला, तर तो रोग. आपल्या आज्याच्या स्वप्नात कोण येत होतं, ते कुठल्या अध्यायात नाही.

तरी चरकानं सोडून दिलेली ती पाच मला जास्त कामाची वाटली. त्यातलं तिसरं, अनुभवलेलं, हातात घेऊन मी आईकडे गेलो. कार्यकर्ता गेल्यावर, रात्री. म्हटलं, "आई, बाबा पाणी कधी मागायचे गं?"

"रोज. बंदरावरनं आला की दारातच हुभा ऱ्हायाचा. अंग सिमिटानं भरल्यालं. आत याचा न्हाई. आदी तांब्या मागायचा."

म्हटलं, "मग तांब्या भरस्तवर गेले का?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हास्पिटलात पानी द्याचं न्हाई म्हनले व्हते. त्यो मागत व्हता. म्या दिलं न्हाई."