नाव एक, दुखणी दोन

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत गेली. पण आमच्या घरात नवरा-बायको दोघांनाही हायटस हर्निया निघाला. माझा गोळीवर निभला, हिचं मात्र ऑपरेशन करावं लागलं. "नाव एकच, मग हा फरक कसा?" असं बिल्डिंगमध्ये अनेकांनी विचारलं. त्याचंच हे उत्तर.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. त्यातल्या एका भोकातून अन्ननलिका खाली उतरते आणि जठराला मिळते. वयानं, वजनानं, वर्षानुवर्षांच्या खोकल्यानं किंवा कुंथण्यानं हे भोक सैल पडतं आणि जठर वर सरकतं. कसं सरकतं, त्यावर सगळं अवलंबून आहे.

माझा प्रकार स्लायडिंग, म्हणजे घसरता. यात अन्ननलिका आणि जठर यांचा सांधाच सरळ वर येतो. शंभरातले सुमारे पंचाण्णव हर्निया असेच असतात. सांध्याची झडप ढिली पडते आणि आम्ल वर चढतं. रात्री ठेचा-भाकर खाऊन आडवा झालो की घशाशी आंबट येई, छातीत जळजळ होई. एन्डोस्कोपीत तीन सेंटिमीटरचा हर्निया दिसला. डॉक्टरांनी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी आम्ल कमी करणारी गोळी, झोपण्याच्या तीन तास आधी जेवण आणि वजन कमी करणं एवढंच सांगितलं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे ठोकळे ठेवले. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, त्यानं पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. अशा हर्नियात गोळ्यांनीही अन्न वर येणं थांबत नसेल, किंवा अन्ननलिकेला जखमा होत राहिल्या, तरच ऑपरेशनचा विचार होतो.

हिचं वेगळं होतं. जळजळ जवळजवळ नव्हतीच. अर्धी भाकर खाल्ली की पोट गच्च, छातीवर दाब आणि दम. आम्हाला वाटलं हृदय. पण ईसीजी आणि इको चांगले आले. हिमोग्लोबिन ८.२ होतं. वर्षभर लोहाच्या गोळ्या चालल्या, पण रक्त जातंय कुठं हे कोणी शोधलं नाही, आणि राजेहो, आम्हीही विचारलं नाही. शेवटी छातीच्या एक्स-रेमध्ये हृदयामागे हवेचा मोठा फुगा आणि त्यात पाण्याची आडवी रेघ दिसली. ते जठर होतं! सीटी स्कॅनमध्ये निम्म्याहून जास्त जठर छातीत असल्याचं कळलं.

हा पॅराइसोफेजियल, म्हणजे अन्ननलिकेच्या बाजूनं वर चढणारा हर्निया. निव्वळ प्रकारात सांधा जागेवरच राहतो आणि जठराचा वरचा भाग त्याच्या शेजारून छातीत शिरतो. हिच्यात सांधाही वर आला होता. असा मिश्र प्रकारच जास्त आढळतो. भोकाच्या कडेवर जठर घासून बारीक जखमा होतात, त्यातून थेंब थेंब रक्त जातं. हिचं रक्त तिथंच जात होतं.

मोठा धोका असतो जठराला पीळ बसण्याचा. जेवणानंतर छातीखाली जोरात कळ, उमाळे येतात पण उलटी पडत नाही, अशी वेळ आली तर अँटासिड देऊन झोपवू नका. काही खाऊ-पिऊ न घालता थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि हर्निया असल्याचं सांगा. पीळ बसला तर जठराचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हार्ट अटॅकही असाच दिसतो, म्हणून घरी वाट पाहणं दोन्हीत चुकीचंच.

हिचं ऑपरेशन नागपूरला दुर्बिणीतून झालं. जठर खाली ओढून घेतलं, छातीतली हर्नियाची पिशवी काढली, भोक टाके घालून लहान केलं आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला. पहिले काही आठवडे पातळ आणि मऊ अन्न, तेही थोडं थोडं. गिळताना अडकल्यासारखं वाटे, ते हळूहळू गेलं. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन ११.८ झालं. हर्निया पुन्हा होऊ शकतो, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं. पुष्कळांना तो तपासणीत दिसतो, पण त्रास होतोच असं नाही.

मग असा हर्निया दिसला की कापायचाच का? नाही. पूर्वी तसा प्रघात होता. आता काहीच त्रास नसेल, तर वय आणि प्रकृती पाहून बरेचदा नुसतं लक्ष ठेवतात, कारण अशा माणसांत तातडीची वेळ वर्षाला शंभरात साधारण एकावर येते. माझ्या ८४ वर्षांच्या थोरल्या भावाचा असाच आहे. त्यांना त्रास नाही, म्हणून हात लावलेला नाही. त्रास असेल, रक्त कमी होत असेल, तर मात्र पीळ पडण्याआधी, सवडीनं केलेलं ऑपरेशन बरं. धावपळीत केलेल्यात जोखीम जास्त.

तेव्हा रिपोर्टवर 'हायटस हर्निया' दिसलं, तर डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: प्रकार कोणता, आणि जठर किती वर गेलंय? खातं कोणतं हे कळल्याशिवाय आम्ही बँकेत व्हाउचर पास करत नव्हतो. इथंही तेच.