ब्रोकरच्या पत्रकातला नफा, तोटा आणि उलाढाल

फ्युचर आणि ऑप्शनच्या व्यवहारांतून होणारा नफा किंवा तोटा हा आयकराच्या हिशेबात भांडवली नफा नसून धंद्याचे उत्पन्न असते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३(५) मध्ये सट्ट्याच्या व्यवहाराची व्याख्या आहे. माल हाती न घेता केवळ फरकावर मिटवलेला सौदा म्हणजे सट्टा, असा तिचा आशय. त्या मापाने निफ्टीचा प्रत्येक सौदा सट्टाच ठरला असता. मात्र २००५ च्या वित्त कायद्याने त्यात अपवाद घातला. मान्यताप्राप्त शेअर बाजारात, नोंदणीकृत ब्रोकरमार्फत केलेला आणि ज्याच्या काँट्रॅक्ट नोटवर ग्राहकाचा क्रमांक व पॅन छापलेला आहे, असा डेरिव्हेटिव्हचा सौदा सट्टा मानला जात नाही. काँट्रॅक्ट नोट जपून ठेवण्याचे खरे कारण हेच आहे. तोटा साध्या धंद्याचा ठरतो तो त्या कागदाच्या आधारावर. शेअरमधला एका दिवसातला खरेदी-विक्रीचा व्यवहार मात्र सट्ट्यातच मोडतो. ब्रोकरच्या पत्रकात तो शेजारच्या रकान्यात दिसला तरी त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

सेबीने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२४-२५ या वर्षात फ्युचर-ऑप्शनच्या बाजारातल्या सुमारे ९१ टक्के व्यक्तिगत व्यापाऱ्यांना निव्वळ तोटा झाला. म्हणजे विवरणपत्र भरताना बहुतेकांसमोर कर किती पडेल यापेक्षा झालेला तोटा कागदावर नीट कसा उतरवायचा, हा प्रश्न असतो. तोटाच झाला तर दाखवायचे कशाला, असे म्हणून अनेक नोकरदार तो सोडून देतात आणि पगारदारांचा साधा फॉर्म भरून मोकळे होतात. तसे केल्याने तोटा वळता करण्याचा हक्क जातोच, शिवाय धंद्याचे उत्पन्न असलेल्या माणसाने चुकीचा फॉर्म भरल्याचा दोषही उरतो. अशा व्यक्तीसाठी फॉर्म आयटीआर-३ हा आहे.

ब्रोकरकडून वर्षभरात तीन प्रकारचे कागद मिळतात. गोंधळ होतो तो या तिन्हींतले आकडे एकमेकांत मिसळल्याने. काँट्रॅक्ट नोटमध्ये रोजचे सौदे आणि त्यांवरचे आकार असतात. लेजरमध्ये पैशांची ये-जा असते. ‘टॅक्स पी अँड एल’ या पत्रकात प्रत्येक मिटलेल्या सौद्याचा फरक असतो. नफा-तोटा आणि उलाढाल काढायची ती या तिसऱ्या पत्रकावरून. पहिले दोन कागद पडताळणीसाठी लागतात.

ठाण्यातल्या टेंभी नाक्यावर राहणाऱ्या आणि रोज लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण घेता येईल. २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्याने निफ्टीचे चारच सौदे केले, तेही २०२५ च्या जुलैमध्ये, एका लॉटमध्ये ७५ नग असताना. पहिल्या सौद्यात त्याने १२० रुपये प्रीमियमने कॉल घेतला आणि १६० ला विकला. ४० रुपयांचा फरक गुणिले ७५, म्हणजे ३,००० रुपये नफा. दुसऱ्यात ९० रुपयांनी पुट घेतला, तो एक्स्पायरीला शून्य झाला. विकण्यासारखे काही उरलेच नाही, पण भरलेले ६,७५० रुपये गेले. तिसऱ्यात त्याने आधी कॉल २०० रुपयांना विकला, म्हणजे ‘राइट’ केला, आणि नंतर १४० ला परत घेतला. तिथे ४,५०० रुपये सुटले. चौथा सौदा फ्युचरचा. २५,१०० ला घेतलेला निफ्टी २४,९८० ला विकला. १२० अंकांचा तोटा गुणिले ७५, म्हणजे ९,००० रुपये.

नफा-तोट्यासाठी हे चार आकडे चिन्हासह मिळवायचे. ३,००० वजा ६,७५०, अधिक ४,५००, वजा ९,०००, म्हणजे ८,२५० रुपये तोटा. उलाढालीसाठी तेच चार आकडे चिन्ह काढून मिळवायचे. बेरीज २३,२५० रुपये. उलाढालीचा नियम एवढाच आहे. नफा असो वा तोटा, प्रत्येक मिटलेल्या सौद्याचा फरक धन मानून बेरीज करायची.

ही रीत कायद्याच्या कलमात लिहिलेली नाही. ती सनदी लेखापालांच्या संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, कर लेखापरीक्षणावर काढलेल्या मार्गदर्शिकेतून आली आहे. तिच्यामागचा विचार सरळ आहे. फ्युचरच्या एका लॉटची कराराची किंमत या उदाहरणात १८,८२,५०० रुपये होती, पण ती रक्कम कोणी कोणाला दिली नाही. हात बदलला तो फक्त ९,००० रुपयांचा फरक. कराराची किंमत उलाढाल धरली तर दिवसाला एखादा लॉट फिरवणारा नोकरदारही महिन्याभरात कोट्यधीश व्यापारी दिसू लागेल. काँट्रॅक्ट नोटवरची खरेदी-विक्रीची बेरीज उलाढाल म्हणून भरणे ही नवख्यांची नेहमीची चूक याच समजातून होते.

जुन्या पत्रकांत आणि जुन्या सल्ल्यांत आणखी एक आकडा मिळवलेला दिसतो, तो विकलेल्या ऑप्शनच्या प्रीमियमचा. आधीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे फरकांच्या बेरजेत ऑप्शनच्या विक्रीतून आलेला प्रीमियमही धरत. या गृहस्थाच्या बाबतीत पहिल्या कॉलच्या विक्रीचे १२,००० आणि तिसऱ्या कॉलचे १५,००० मिळून २७,००० रुपये वाढले असते आणि उलाढाल ५०,२५० झाली असती. २०२२ च्या सुधारित मार्गदर्शिकेने स्पष्ट केले की प्रीमियम निव्वळ नफा-तोटा काढताना एकदा धरला असेल तर तो पुन्हा वेगळा मिळवायचा नाही. हा बदल योग्यच होता. तिसऱ्या सौद्यातले १५,००० रुपये ४,५०० च्या नफ्यात आधीच मोजले गेले आहेत. तेच पैसे दोनदा मोजून उलाढाल फुगवण्यात अर्थ नव्हता. ऑप्शन विकणाऱ्यांची उलाढाल या एका बदलाने कितीतरी खाली आली. म्हणूनच ब्रोकरच्या पत्रकात उलाढालीचे दोन आकडे असतील तर कोणता कोणत्या रीतीने काढला आहे, ते आधी पाहावे.

दुसरा फरक पडतो तो सौदावार आणि करारवार मोजणीत. एकाच कॉलमध्ये सकाळी ३,००० रुपये मिळाले आणि दुपारी २,२५० गेले, तर सौदावार उलाढाल ५,२५० होते. करारवार मोजली तर फक्त ७५०. नफा दोन्हीकडे ७५०च. मार्गदर्शिकेचा रोख प्रत्येक सौद्याच्या फरकाकडे आहे, त्यामुळे सौदावार आकडा घेणे सुरक्षित. घेतलेले नग तुकड्यातुकड्याने विकले असतील तर जे आधी घेतले ते आधी विकले, या क्रमाने जोड्या लावतात. ब्रोकरचे सॉफ्टवेअर बहुधा तेच करते.

खर्चाची वजावट उलाढालीतून न करता नफ्या-तोट्यातून करायची. या चार सौद्यांवर एसटीटी किती लागला ते पाहू. २०२५-२६ मध्ये ऑप्शनच्या विक्रीवर प्रीमियमच्या ०.१ टक्के आणि फ्युचरच्या विक्रीवर ०.०२ टक्के दर होता. विकलेल्या प्रीमियमच्या २७,००० वर २७ रुपये आणि फ्युचरच्या १८,७३,५०० वर सुमारे ३७५, एकूण ४०२. शून्य झालेल्या पुटवर काहीच नाही, कारण तो विकलाच गेला नाही. प्रत्येक ऑर्डरला २० रुपये दलाली धरली तर सात ऑर्डरींचे १४० रुपये. बाजाराचा व्यवहार आकार, सेबीचे शुल्क, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी मिळून सुमारे १६७. असे ७०९ रुपये खर्च मिळवले की तोटा ८,९५९ वर जातो. शेअरच्या भांडवली नफ्यात एसटीटीची वजावट मिळत नाही. धंद्याच्या उत्पन्नात मात्र कलम ३६(१)(xv) खाली ती मिळते. शेअर आणि वायदे दोन्ही करणारा माणूस पहिल्याच्या सवयीने दुसऱ्यातही एसटीटी सोडून देतो आणि स्वतःचाच तोटा कमी दाखवतो.

आकडा बरोबर आला की नाही, हे लेजरवरून कळते. या गृहस्थाने खात्यात १,००,००० रुपये भरले, काही काढले नाही आणि वर्षअखेरीस सगळे सौदे मिटलेले होते. तर शिल्लक १,००,००० वजा ८,२५० वजा ७०९, म्हणजे ९१,०४१ असायला हवी. तशी नसेल तर फरक कुठून आला ते शोधायचे. बहुतेक वेळा तो डीमॅट खात्याच्या वार्षिक आकारात, उशिरा भरलेल्या मार्जिनवरच्या व्याजात किंवा मार्चअखेरीस उघड्या राहिलेल्या सौद्यात सापडतो. यातले शेवटचे कारण सर्वांत फसवे. फ्युचरमध्ये रोजच्या बंद भावाने फरक खात्यात जमा किंवा नावे पडतो. त्यामुळे सौदा उघडा असूनही लेजरमध्ये नफा-तोटा झाल्यासारखा दिसतो. पत्रकात असे आकडे ‘अनरिअलाइज्ड’ या शीर्षकाखाली वेगळे येतात. वर्षाचा हिशेब मिटलेल्या सौद्यांचा करावा आणि उघडा सौदा ज्या वर्षी मिटेल त्या वर्षी धरावा. दोन्ही वर्षी एकच रीत ठेवली तर कुठलाही फरक दोनदा मोजला जात नाही किंवा सुटत नाही.

उलाढालीचा आकडा लागतो तो मुख्यतः कलम ४४एबी खाली लेखापरीक्षण हवे की नको, हे ठरवण्यासाठी. मर्यादा १ कोटीची आहे. रोखीने आलेली आणि रोखीने गेलेली रक्कम दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आत असेल तर ती १० कोटी होते. ब्रोकरशी सगळे व्यवहार बँकेतून होत असल्याने टेंभी नाक्यावरच्या नोकरदाराला १० कोटींची मर्यादा लागू पडते आणि त्याचे २३,२५० रुपये तिच्या आसपासही जात नाहीत. शेजारच्या जांभळी नाक्यावरच्या किराणा दुकानदाराचे गणित निराळे. समजा, त्याच्या दुकानाची विक्री ९५ लाख, त्यातले २० लाख रोखीने, आणि ऑप्शनमधली उलाढाल ६ लाख. दोन्ही धंदे एकाच माणसाचे, म्हणून बेरीज १ कोटी १ लाख. रोखीमुळे १० कोटींची सवलत जाते. तो कलम ४४एडीच्या अनुमानित नफ्याच्या योजनेत नसेल, तर निव्वळ ऑप्शनच्या फरकांनी त्याला लेखापरीक्षणाच्या कक्षेत ओढलेले असते. योजनेत असेल आणि या वर्षी तोटा दाखवून बाहेर पडत असेल, तर त्यासाठीच्या पाच वर्षांच्या अटी सीएकडून आधी तपासून घ्याव्यात.

तोटा वळवण्याचा नियम ठरलेला आहे. त्याच वर्षी तो व्याज, घरभाडे, भांडवली नफा यांतून वजा होतो, पगारातून होत नाही. या गृहस्थाला मुदतठेवीचे ३०,००० रुपये व्याज मिळाले असेल, तर त्यातून ८,९५९ वजा होऊन करपात्र व्याज २१,०४१ उरते. वजा करायला असे उत्पन्न नसेल तर तोटा पुढील आठ वर्षे ओढता येतो, पण त्या वर्षांत फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वळता होतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६ चे विवरणपत्र १९६१ च्याच कायद्याखाली भरायचे आहे. पुढे ओढायचा तोटा टिकतो तो विवरणपत्र ठरलेल्या मुदतीत भरले तरच. मुदतीनंतर भरलेले विवरणपत्र स्वीकारले जाते, पण त्यातला हा तोटा पुढच्या वर्षी नेता येत नाही.